तापबीप आहे का?

दवाखान्यात डॉक्टर दोन प्रकारे विचारू शकतात. "ताप आहे का?" हा एक प्रश्न, आणि "तापबीप आहे का?" हा दुसरा. पहिल्याला "नाही" एवढं उत्तर पुरतं. दुसऱ्याला नुसतं "नाही" म्हणून बहुतेक माणसं थांबत नाहीत. "ताप नाही, पण अंग मोडून आल्यासारखं वाटतंय" किंवा "रात्री जरा कणकण होती" असं काहीतरी पुढे येतं. दोन्ही प्रश्नांत फरक फक्त एका निरर्थक शब्दाचा. बीप म्हणजे काय, हे कुठल्याही शब्दकोशात सापडणार नाही. तरी ते ऐकणाऱ्याला नेमकं कळतं: ताप हे उदाहरण म्हणून घेतलंय, त्याच्यासारखं जे काही असेल ते सांगा.

शाळेच्या व्याकरणात या शब्दांना अभ्यस्त शब्द म्हणतात. त्यांचे तीन कप्पे आहेत. अख्खा शब्द पुन्हा आला की पूर्णाभ्यस्त, एखादं अक्षर बदलून आला की अंशाभ्यस्त, आणि आवाजाची नक्कल असेल तर अनुकरणवाचक. हळूहळू पहिल्या कप्प्यात, उरलासुरला दुसऱ्यात, कडकडाट तिसऱ्यात. परीक्षेत "पुढीलपैकी अंशाभ्यस्त शब्द ओळखा" असा एका गुणाचा प्रश्न येतो, मुलं खूण करतात आणि पुढच्या प्रश्नाकडे जातात. माझी तक्रार या दुसऱ्या कप्प्याबद्दल आहे. तिथे उरलासुरला, शेजारीपाजारी यांच्या रांगेतच दगडबिगडही बसवलेलं असतं. दिसायला सारखे म्हणून दोन अगदी वेगळ्या जातीचे शब्द एकत्र कोंबले आहेत, आणि त्यामुळे त्यातला एक मराठीचा चालू, जिवंत नियम आहे हे शिकवायचंच राहून जातं.

उरलासुरला हा तयार शब्द आहे. तो आपल्याला कोणीतरी दिला, आपण तो तसाच वापरतो. त्याच्यावरून पुढे काही करता येत नाही. उरला-सुरला आहे म्हणून आपण पुरला-सुरला म्हणत नाही. अर्धामुर्धा आहे म्हणून पाऊणमूण होत नाही. या जोड्या एकेक करून पाठ असाव्या लागतात. परदेशात वाढलेल्या मराठी मुलाला किडूकमिडूक कोणी सांगितलं नसेल, तर ते त्याला स्वतःहून सुचणार नाही.

बि-ची गोष्ट तशी नाही. आज भाषेत आलेल्या शब्दालाही तो लगेच लागतो. ओटीपी हा शब्द घरात शिरून फार दिवस झाले नाहीत, तरी "कुणाला ओटीपीबिटीपी सांगू नकोस" हे वाक्य कोणी न शिकवता तयार झालं. मोबाइलबिबाइल, पासवर्डबिसवर्ड, अर्जबिर्ज, काहीही चालतं. कृती अशी: मूळ शब्दाचं पहिलं अक्षर, जोडाक्षर असेल तर अख्खं जोडाक्षर, त्याच्या स्वरासकट काढायचं आणि तिथे बि ठेवायचा. बाकी शब्दाला हात लावायचा नाही. चहा, बिहा. पुस्तक, बिस्तक. भांडण, बिंडण, अनुस्वार होता तो राहिला. प्रेमातला प्र सगळा गेला आणि बीम उरलं. ब्रीम कोणी म्हणत नाही. सुरुवातीला स्वर असला तरी अडत नाही: आंबाबिंबा, ऊसबीस. क्रियापदंही सुटत नाहीत: "जेवलास-बिवलास की नाही?", "रडूबिडू नकोस."

हा नियम व्याकरणाच्या किती आत बसलाय हे ऱ्हस्व-दीर्घात दिसतं. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांप्रमाणे अकारान्त मराठी शब्दातला शेवटून दुसरा इकार किंवा उकार दीर्घ असतो, आणि विभक्ती लागताना तो ऱ्हस्व होतो. वकील, पण वकिलाला. आता तापबीप घ्या. उच्चारात तो बीप दीर्घच येतो. "तापाबिपानं अशक्तपणा आला असेल" म्हणताना मात्र तोच आपोआप ऱ्हस्व होतो. घरबीर, पण घराबिराला. भूतबीत, पण भुताबितांना. ज्या शब्दाला अर्थ नाही आणि ज्याची शब्दकोशात नोंद नाही, तो वकिलाएवढ्याच शिस्तीत चालतो. सामान्यरूपही दोन्ही अर्ध्यांना मिळतं, प्रत्यय मात्र शेवटी एकदाच: पुण्याबिण्याला. पुणेबिण्याला असं कोणाच्या तोंडून येत नाही. बोलताना जीभ घसरली की असे शब्द होतात असं मानणाऱ्यांनी एवढं एक उदाहरण तपासून पाहावं.

नियम अडतो कुठे, हेही सांगायला हवं. मूळ शब्दच बि-नं सुरू झाला की पंचाईत होते. बिल आणि बिस्किट यांच्यापुढे बि लावला तर तोच शब्द पुन्हा येतो. मग कोणी फ आणून बिस्किटंफिस्किटं करतं, कोणी सरळ "वगैरे"कडे वळतं. बस किंवा बाजार यांना ही अडचण येत नाही, कारण स्वर बदलतो: बसबीस, बाजारबिजार.

आपल्या शेजाऱ्यांकडेही ही सोय आहे, पण प्रत्येकाचं अक्षर वेगळं. हिंदीत चायवाय, पानीवानी: व्यंजन बदलतं, स्वर मूळचाच राहतो. गुजरातीत आपल्यासारखा ब असतो, पण स्वर हिंदीसारखा जागेवर राहतो: चाबा, पाणीबाणी. कन्नडात हण्णु-गिण्णु, पुस्तक-गिस्तक. तिथे ग येतो आणि मूळ स्वर काय असेल ते न बघता इ येतो. मराठीचा बि या नकाशावर बरोबर मध्ये पडतो. व्यंजन गुजरातीशी जुळणारं आणि स्वराची वागणूक कन्नडशी. कोणी कोणाकडून घेतलं याचा निवाडा इतक्यावर करता येणार नाही. पण मरी एमेनो या अभ्यासकानं 1956 साली भारत हे एकच भाषिक क्षेत्र आहे असा जो विचार मांडला, त्याच्या पुढच्या चर्चेत प्रतिध्वनी शब्द, म्हणजे मूळ शब्दाचा असा बदललेला पडसाद, हे लक्षण वारंवार का येतं, ते आपल्या चहाबिहातूनही कळतं. कुळं वेगळी असलेल्या भाषांनी शेजारधर्मातून सारखी केलेली ही गोष्ट आहे.

आता अर्थाकडे. हा बि "इत्यादी"चं घरगुती रूप आहे, असं सहज म्हटलं जातं. ते अर्धंच बरोबर आहे. बि-चं खरं काम समोरच्या वस्तूचं नेमकेपण काढून घेणं हे आहे. म्हणून त्याला आकडा चालत नाही. "आम्ही चहाबिहा घेतला आणि निघालो" हे ठीक, पण "आम्ही दोन कप चहाबिहा घेतला" हे कानाला खटकतं. "हा चहाबिहा गार झालाय" हेही नाही जमत. समोर कप दिसतोय, त्यावर बोट ठेवलंय, मग त्याला बिहा कसा लागेल? "वगैरे"ला ही अट नाही. "नकाशा वगैरे तीन गोष्टी आणल्या" असं म्हणता येतं. "नकाशाबिकाशा तीन गोष्टी आणल्या" म्हणता येत नाही. वगैरे यादी लांबवतो. बि यादी करतच नाही, तो फक्त जात दाखवतो. हल्ली वगैरेलाही थोडा तिरकस सूर आलाय हे खरं ("तो कवी वगैरे आहे म्हणे"), पण मोजण्याची कसोटी लावली की दोघे वेगळे होतात.

नेमकेपण काढून घेतलं की पुढचे सूर आपसूक निघतात. पाहुण्याला "चहाबिहा घेणार?" विचारलं की त्याला चहाच हवा असं राहत नाही, सरबत माग, पाणी माग, किंवा "काही नको" म्हण. "पैसेबिसे लागले तर सांग" हे वाक्य मी मराठीतल्या सगळ्यात सभ्य वाक्यांत धरतो. नुसतं "पैसे लागले तर सांग" म्हटलं की समोरच्याची नड उघडी पडते. बिसे आलं की पैसे हे मदतीचं एक उदाहरण ठरतं आणि त्याची मान खाली जात नाही. अपघातबिपघात, आजारबिजार यांत अशुभ गोष्ट जरा लांब ठेवली जाते. आणि याच यंत्रातून तुच्छताही निघते. "प्रेमबीम काही नसतं" म्हणणारा प्रेमाला एका फालतू जातीचा नमुना करून टाकतो. म्हणूनच साहेबांच्या तोंडावर साहेबबिहेब म्हणता येत नाही, आणि आदराच्या माणसाच्या नावाला बि लावला तर ऐकणारा दुखावतो. माणूस हा कुठल्या जातीचा नमुना नसतो, निदान तसं बोलून दाखवायचं नसतं.

दोन कप्प्यांतला फरक एका जोडीत पाहायचा तर गोडधोड आणि गोडबीड घ्या. सणाला घरात गोडधोड होतं. त्यात पुरणपोळी येते, श्रीखंड येतं, चार माणसं जेवायला येणार हेही त्यातच येतं. तो आनंदाचा, ठरलेल्या अर्थाचा शब्द आहे. मधुमेह झालेल्या माणसाला डॉक्टर सांगतात ते "गोडबीड बंद करा". तिथे "गोडधोड बंद करा" म्हटलं तर सणवार बंद केल्यासारखं वाटेल. गोडधोड शब्दकोशात असायला हवा आणि आहेच. गोडबीड शब्दकोशात नको; तिथे जर बि-चा प्रत्येक शब्द घालायला गेलो तर कोश दुप्पट होईल. त्याची जागा व्याकरणात आहे, आणि आज तिथे तो नीट नाही. पाठ्यपुस्तकानं या दोघांना एकाच ओळीत लिहिलं की मुलाला वाटतं दोन्ही सारखेच, पाठ करायचे.

तयार जोड्यांचीही स्वतःची मौज आहे, ती इथे थोडक्यात सांगतो. बि नेहमी मागून येतो. या जोड्यांत मात्र निरर्थक अर्धा पुढेही असतो: आजूबाजू, अडीअडचण, अधूनमधून, अवतीभवती. आणि बघा, पुढचा अर्धा स्वरानं सुरू होतो. अर्धामुर्धा, उरलासुरला, आंबटचिंबट यांतही स्वरानं सुरू होणाराच पुढे आहे, फक्त तिथे तो अर्थाचाही आहे. म्हणजे कोण पुढे बसणार हे अर्थापेक्षा उच्चार ठरवतो. दुसऱ्या काही जोड्यांत दोन्ही अर्धे अर्थाचेच असतात आणि अर्थ एकच असतो: कागदपत्र, बाजारहाट, धनदौलत, कुटुंबकबिला. एक अर्धा फारसी-अरबीतून आलेला, दुसरा इथला. शतकानुशतकं दोन भाषा एकाच कचेरीत, एकाच पेठेत बसल्या त्याची ही नोंद आहे. सरकारी मराठीला या जोड्या अगदी मान्य आहेत. "तीन कागदपत्रे जोडावीत" असं ती बिनदिक्कत लिहिते, मालमत्ता आणि सोयीसुविधा हे तर तिचे लाडके शब्द. द्विरुक्तीचा तिला कंटाळा नाही. कंटाळा आहे तो फक्त बि-चा.

या कंटाळ्याची किंमत कुठे मोजावी लागते ते पाहू. घरोघरी जाऊन माहिती भरणाऱ्या माणसाच्या हातात छापील प्रश्न असतो: "कुटुंबावर कर्ज आहे का?" बाई म्हणतात, "नाही." त्यांच्या मनात कर्ज म्हणजे बँकेचं किंवा सोसायटीचं. किराणा दुकानातली उधारी, भावाकडून घेतलेले उसने पैसे, बचत गटातून उचललेली रक्कम हे त्यांच्या हिशेबी कर्ज नव्हे. "कर्जबिर्ज, उधारीबिधारी काही आहे का?" विचारलं असतं तर त्या बोलायला लागल्या असत्या. बरेच जण घरी गेल्यावर असंच विचारतात, पण ते स्वतःच्या अक्कलहुशारीनं. छापील कागद त्यांना तसं करू देत नाही. शिवाय एकानं कर्ज विचारलं आणि दुसऱ्यानं कर्जबिर्ज, तर दोघांच्या उत्तरांची तुलना करता येत नाही. म्हणून मी म्हणतो की हा फरक प्रश्न तयार करणाऱ्यालाच ठाऊक हवा.

जबाब लिहून घेताना हे उलट्या बाजूनं घडतं. माणूस म्हणतो, "मी त्याला मारलंबिरलं नाही." लिहिणारा लिहितो, "मी त्याला मारहाण केली नाही." बोलणाऱ्यानं मारणं आणि त्या जातीचं सगळंच नाकारलं होतं: ढकलणं, कॉलर धरणं, अंगावर जाणं. कागदावर फक्त मारहाण नाकारलेली उरली. पुढे कोणी विचारलं, "मग ढकललं होतं का?" आणि तो म्हणाला, "नाही, सांगितलं ना तेव्हाच," तर कागद त्याच्या बाजूनं बोलत नाही. बोललेलं शब्दशः टिपायचं असेल तर बिरलंही टिपायला हवं. शुद्ध करून लिहिण्याची सवय इथे अर्थ बदलते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. बि मोघम आहे, आणि नियम, औषधाची चिठ्ठी, करार अशा ठिकाणी मोघमपणा धोक्याचा. मला तो मान्य आहे. जातीची सीमा बोलणाऱ्याच्या मनात एक असते आणि ऐकणाऱ्याच्या मनात दुसरी. डॉक्टरांनी "गोडबीड बंद" म्हटलं, रोग्यानं पेढे सोडले, चहातली साखर सोडली आणि गूळ चालू ठेवला, कारण त्याच्या मते गूळ औषधी. "ओटीपीबिटीपी सांगू नकोस" ऐकलेल्या आजी पिन सांगणार नाहीत, पण कार्डामागचे तीन आकडे त्यांच्या मनात त्या जातीत बसलेच नसतील. इथे बि-नंतर यादी लागतेच. पण बँकेचा "ओटीपी कोणालाही सांगू नका" हा संदेशही तेवढाच अपुरा आहे. तो तर फक्त एकाच गोष्टीला मनाई करतो. घरातलं माणूस आधी बिटीपी म्हणून कुंपण घालतं आणि मग पिन, मागचे आकडे, कार्डाचा फोटो असं एकेक नाव घेतं. मला ही पद्धत दोन्हींपेक्षा बरी वाटते.

शाळेबद्दलही फार मोठं काही मागत नाही. पाणिनीनं द्विरुक्तीचं सूत्र लिहिलं ते "नित्यवीप्सयोः" असं. शब्द दोनदा कधी येतो? क्रिया सतत चालू असेल तेव्हा आणि एकेकाला वेगवेगळं लागू करायचं असेल तेव्हा. आपलं "चालता चालता पडला" पहिल्यात बसतं, "गावोगाव फिरला" दुसऱ्यात. आधी अर्थ आणि मग रूप, असा त्याचा क्रम होता. आपण फक्त रूपाचे कप्पे ठेवले. सातवी-आठवीच्या वर्गात "अंशाभ्यस्त ओळखा" ऐवजी तीन प्रश्न द्यावेत. दुकान, ट्रक आणि इस्त्री यांचे बि-शब्द करा आणि नियम स्वतः लिहा. "पाच आंबेबिंबे आणले" हे वाक्य का खटकतं? आणि बिस्किटाला बि का लागत नाही, तुमच्या घरी मग काय म्हणतात? तिसऱ्याची उत्तरं कोल्हापुरात, नागपुरात आणि वसईत सारखी येतील अशी माझी अपेक्षा नाही. शिक्षकांनी ती फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत.